महाडची पायी फेरी: तळे, स्तंभ, लेणी

चवदार तळे. फेरीची सुरुवात इथून. तळे नगरपालिकेचे. ते सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव 1924 मध्ये झाला, पण कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने इथे आले आणि त्यांनी तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर दावा दाखल झाला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासून असल्याचा सवर्ण वादींचा दावा सिद्ध झाला नाही आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. काठावरून फिरताना लक्षात ठेवण्याजोगे: हे देवळाचे कुंड नव्हे, वस्तीमधले सार्वजनिक तळे. खटल्यात हाच फरक महत्त्वाचा ठरला.

क्रांतिस्तंभ. 25 डिसेंबर 1927 च्या मनुस्मृती दहनाची आठवण. तारखांची गल्लत नेहमी होते: पाणी मार्चचे, दहन डिसेंबरचे.

गांधारपाले लेणी. शहरापासून सुमारे 3 किलोमीटर, महामार्गालगतच्या डोंगरात. बौद्ध लेणी, चैत्य म्हणजे पूजास्थान, विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. एका शिलालेखात कुमार विष्णुपालिताचे नाव आहे. चढ छोटा, पण दुपारच्या उन्हात त्रासदायक.

पोलादपूर. वेगळा दिवस हवा. शिवचरित्रकार कवींद्र परमानंदांची समाधी गावात. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ तालुक्यात, तिथे पायी नव्हे, गाडीने जावे.

कधी? हिवाळ्यात. पावसाळ्यात सावित्री नदी फुगते; जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेले होते. 20 मार्चला तळ्यावर प्रचंड गर्दी असते.