आजीच्या कपाटाचा चौथा नॉब

सोलापूरच्या जुन्या वाड्यांतून आणि गिरणी भागातल्या चाळींतून अजूनही सागवानी कपाटं टिकून आहेत. वर दोन दारं, खाली घराच्या कागदपत्रांचा एक रुंद खण. दारांना एकेक आणि खणाला दोन अशा चार पितळी मुठी, म्हणजे आज दुकानात ज्याला नॉब म्हणतात ते. कपाट शंभरी गाठतं, पण नॉब आधी जातो. त्यातही बहुतेक वेळा खणाचाच जातो, कारण सगळा जोर त्याच्यावर येतो.

ही गोष्ट अशाच एका कपाटाची आहे. आजी गेल्यावर ते नातीकडे आलं, तेव्हा खणाचा डावीकडचा नॉब नव्हता. नात शाळेत शिकवते. हातात व्हर्नियर धरण्याचा तिच्यावर कधी प्रसंग आलेला नव्हता. तिला एवढंच कळत होतं की खण नीट उघडत नाही. रुंद खण एकाच बाजूने ओढला की तो तिरपा होतो, त्याचे कोपरे कडेच्या लाकडात रुततात आणि तो जागीच अडकतो. दर वेळी जोर लावला की आतल्या पट्ट्या झिजतात. म्हणजे चौथा नॉब शोभेसाठी नव्हे, खण वाचवण्यासाठी हवा होता.

पहिल्यांदा ती मोबाइलवर फोटो काढून दुकानात गेली. बहुतेक जण असंच करतात आणि बहुतेकांची फेरी इथेच फुकट जाते. फोटोत घाट दिसतो, माप दिसत नाही. दुकानदाराने पुठ्ठ्यावर लावलेले नमुने पुढे टाकले. त्यातला एक दिसायला अगदी जवळचा होता. तो घरी आणून लावला, तर भोकात डुगडुगायला लागला. शिवाय त्याची बैठक लहान असल्यामुळे जुन्या नॉबखाली दबून राहिलेलं गोल वळं पॉलिशवर उघडं पडलं. इतक्या वर्षांत भोवतालचं पॉलिश काळवंडलेलं असतं आणि बैठकीखालचं मूळ रंगाचं राहतं. बैठक एक मिलिमीटरने जरी कमी पडली तरी ही फिकट कड डोळ्यांत भरते.

दुसऱ्या दुकानात जाताना तिने शेजारच्या सुताराचं ऐकलं आणि खणाचा उरलेला नॉबच काढून नेला. आतल्या बाजूचा नट आणि चकतीसुद्धा घेतली. मंगळवार पेठेच्या बाजूचं हे दुकान बाहेरून अरुंद, पण आत खोल. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या वस्तूचा नमुना तारेने बांधलेला. कडी, कोयंडा, बिजागरी, खिट्टी सगळं तसंच. मालकांनी नॉब हातात घेतला, तो उलटा केला आणि घाटाकडे न बघता आधी मागचा दांडा पाहिला.

"ताई, हा दीड सुताचा दिसतोय. तुम्हाला आता मिळतंय ते सगळं मिलिमीटरचं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे तीन सोळांश इंच, मिलिमीटरमध्ये पावणेपाचच्या किंचित वर. आजचा तयार नॉब बहुतेक चार मिलिमीटरच्या स्क्रूवर येतो. स्क्रू मागून घालायचा आणि तो नॉबच्या पोटातल्या आट्यांत फिरवून आवळायचा. त्या स्क्रूची लांबीसुद्धा आजच्या प्लायच्या फळीला बेतलेली, म्हणजे साधारण पंचवीस मिलिमीटर. आजीच्या खणाचं तोंड बावीस मिलिमीटर जाड होतं. तिथे नॉबच्या पोटात जायला जेमतेम तीन मिलिमीटर स्क्रू उरतो. एवढ्यावर नॉब बसल्यासारखा वाटतो आणि चार-सहा महिन्यांत आटे जाऊन हातात येतो. लांब स्क्रू मिळतो, पण भोक मुळातच मोठं, त्यामुळे नॉब खाली झुकतो.

जुन्या नॉबची रचना उलटी असते. दांडा नॉबलाच पक्का बसवलेला असतो. तो लाकडातून आरपार जातो आणि आतून रुंद चकती लावून नटाने आवळला जातो. या नॉबचा दांडा बैठकीपासून सव्वा इंच लांब होता. लाकडाची जाडी वजा केली तर चकती आणि नट यांच्यासाठी मागे जवळपास दहा मिलिमीटर उरतात, म्हणजे भरपूर. ज्याने तो बनवला त्याने लाकडाचा पूर्ण विचार केला होता, हे या एका मापावरून कळतं.

मालकांनी मग एक साधी युक्ती दाखवली. पाच मिलिमीटरचा नट त्यांनी दांड्यावर चढवला. तो सहज एक फेरा गेला आणि पुढे अडला. "इथंच लोक फसतात बघा. धरलंय असं वाटतंय, मग पान्यानं जोर लावतात, आणि संपलं." मग त्यांनी दीड सुताचा एक पितळी स्क्रू काढला, जुन्या दांड्याला लांबीत चिकटवून उजेडाकडे धरला. एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचांत बसले आणि मधून कुठेही उजेड आला नाही. दोन्हींचे आटे एकच. मोजायचं झालं तर इंचाला चोवीस. हे माप इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेल्या पद्धतीतलं आहे. त्यात आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा असतो, आजच्या मेट्रिक आट्याचा साठ. जाडी जवळपास सारखी असली तरी कोन आणि अंतर वेगळं असल्यामुळे दोन्ही एकमेकांत जात नाहीत.

सोलापुरात हे माप टिकून राहिलं त्यालाही कारण आहे. 1877 मध्ये इथे जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या. त्यांची यंत्रं विलायती, म्हणून त्यांचे नट-बोल्टही इंचातले. पुढे पूर्व भागात यंत्रमाग आले तेही त्याच वळणाचे. देशात 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली, पण चालू मागाचे आटे कोणी बदलत बसत नाही. म्हणून इथल्या जुन्या दुकानदाराला इंचाचा स्क्रू मागितला तर तो दचकत नाही, लेथवाल्याच्या कपाटातही इंचाचे टॅप असतात. मात्र आटे इंचाचे आहेत म्हणून कपाट अमुक साली बनलं असं ठरवता येत नाही. इंचाचे स्क्रू आजही नवे बनतात आणि विकले जातात.

आटे जुळले, पण नॉब मिळाला नाही. मालकांनी आतून तीन डबे काढले. त्यांत सुटे, बिनजोडीचे नॉब होते. एकाचं तोंड थोडं मोठं, एकाची मान आखूड. एक अगदी बरोबर वाटला, तेव्हा त्यांनी तो तराजूत टाकला आणि दुसऱ्या पारड्यात तिचा ठेवला. तिचा जड निघाला. नवा नॉब जस्ताच्या मिश्रधातूचा होता, वर पितळी रंगाचा मुलामा. लोक चुंबक लावून बघतात, पण चुंबकाने फक्त लोखंड पकडलं जातं, जस्त त्यातून निसटतं. एकाच आकाराचे दोन भरीव नॉब घेतले तर पितळेचा साधारण सव्वापट भरतो. वजनावर विश्वास नसेल तर बैठकीच्या खाली, लाकडाला टेकणाऱ्या बाजूला कानशीने एक ओरखडा काढावा. आतून पांढरट निघालं तर ते पितळ नव्हे. मुलामा हाताच्या घामाने उडतो आणि उडाला की पुन्हा उजळता येत नाही. रोज हात लागणाऱ्या जागी असा नॉब घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"चारही बदला की ताई. सेट देतो." हा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. तिने नाही म्हटलं आणि मला ते पटलं. तीन नॉब उत्तम स्थितीत होते, चौथ्यासाठी ते काढून टाकायचे म्हणजे चांगलं पितळ मोडीत घालून हलकं घरात आणणं झालं.

मालकांनीच मग तिला अक्कलकोट रस्त्याकडे एका लेथवाल्याकडे पाठवलं. ओतून घेण्याचा पर्याय तिने विचारला होता. जुना नॉब वाळूत दाबून साचा काढता येतो, पण पितळ थंड होताना शंभराला दीडच्या आसपास आकसतं. सव्वा इंच तोंडाचा नॉब असा केला तर अर्धा मिलिमीटर लहान येतो, आणि वरून घासल्यावर आणखी कमी होतो. शिवाय एका नगासाठी भट्टी लावायला कोणी तयार होत नाही. हा नॉब गोल होता, त्यावर नक्षी नव्हती. म्हणून लेथ हाच सरळ मार्ग. फुलाफुलांचा असता तर ओतण्याला पर्याय नव्हता.

लेथवाल्याने चार मापं घेतली: तोंड सव्वा इंच, उंची एक इंच, बैठक पाऊण इंच, आणि मानेची जाडी. मान सगळ्यांत अवघड, कारण व्हर्नियरचा जबडा तिथे नीट पोहोचत नाही. त्याने पुठ्ठ्याचा तुकडा नॉबच्या कडेला धरून कातरत कातरत बरोबर बाकाचा केला. तोच त्याचा साचा. मग पस्तीस मिलिमीटरची पितळी सळई पकडून आधी तोंडाचा व्यास उतरवला, नंतर डोक्याचा घुमट आणि शेवटी मान. दर दोन-तीन कातांनंतर पुठ्ठा लावून बघायचा. नॉब कापून वेगळा केल्यावर उलटा धरला, बैठकीच्या मध्यावर 3.7 मिलिमीटरचं भोक बारा मिलिमीटर खोल पाडलं आणि त्यात दीड सुताचा टॅप मारला. टॅप एका दमात फिरवत नाहीत. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो आणि टॅप आत मोडत नाही. मोडला तर नॉब गेला. शेवटी पितळी स्क्रूचं डोकं कापून तो दांडा म्हणून आत घट्ट बसवला.

घाट हुबेहूब आला, रंग नाही. लेथसाठी मिळणाऱ्या सळईत तांबं साधारण साठ टक्क्यांच्या आत-बाहेर असतं, कातायला सोपं जावं म्हणून तीन टक्क्यांच्या आसपास शिसं असतं आणि बाकी जस्त. ती चकचकीत पिवळी दिसते. जुना नॉब मोडीच्या पितळेतून ओतलेला, त्यात तांबं जास्त, म्हणून तांबूस. लेथवाल्याने आम्लात बुडवून काळा करून देऊ का विचारलं. तिने नको म्हटलं. हाताळून पितळ आपोआप मंद होतं. आम्लाने काळं केलेलं मात्र लगेच ओळखू येतं.

लावताना तिने एक शहाणपणा केला. नवा नॉब डाव्या दाराला लावला आणि दाराचा जुना खणावर आणला, म्हणजे शेजारी शेजारी असलेले खणाचे दोन्ही नॉब एकाच पितळेचे. वरचा फरक दारांमधल्या अंतरात लपून जातो. खण आता सरळ येतो.

मूळ नॉब हरवला कसा, हे जुनी चकती पाहून कळलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात सागवानही सुकून किंचित आकसतं, नट ढिला पडतो, नॉब हातासरशी फिरू लागतो आणि दांडा भोक मोठं करत जातो. मग एक दिवस नट खणात पडतो आणि नॉब बाहेर. तुमच्या घरी असं कपाट असेल तर मे महिन्यात खण पूर्ण बाहेर काढा आणि आतला नट अर्धा फेरा आवळा. त्याहून जास्त नको, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि चकती त्यात रुतते.