शत्रू अचानक उगवतो तेव्हा

2022 साली पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’सारख्या गेममध्ये शत्रूंचे थवे चारही बाजूंनी चालून येतात. असा गेम नवख्याने बनवला की हमखास एक दोष दिसतो: रिकाम्या जागी राक्षस एकदम टपकतो. खेळाडूला ती फसवणूकच वाटते, आणि ती असतेही.

उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर एक कडे आखायचे आणि शत्रू तिथेच जन्माला घालायचे. समजा, कॅमेऱ्याला 1280 बाय 720 पिक्सेलचा भाग दिसतो. मध्यापासून कोपरा सुमारे 734 पिक्सेलवर येतो. शत्रूचे चित्र 64 पिक्सेलचे असेल, तर कड्याची आतली त्रिज्या 780 धरावी, बाहेरची 900. केंद्र मात्र कॅमेऱ्याचे घ्या, खेळाडूचे नको. नकाशाच्या कडेला कॅमेरा थांबतो, खेळाडू पुढे जातो.

आता कोन आणि अंतर यदृच्छेने निवडायचे आणि ती जागा चालण्याजोगी आहे का, हे तपासायचे. भिंत किंवा पाणी लागले तर पुन्हा निवड. दहा प्रयत्न फसले तर तो शत्रू पुढच्या फेरीवर ढकलावा. नाहीतर कोपऱ्यात अडकलेल्या खेळाडूसाठी जागा शोधता शोधता गेमच गोठतो. चौफेर पाण्याने वेढलेले बेटही ‘चालण्याजोगे’ ठरते, म्हणून खेळाडूपर्यंत वाट आहे का, हेही पाहावे लागते.

गोल कड्याची एक खोड उरते. सेकंदाला 100 पिक्सेल चालणारा शत्रू बाजूने सेकंदभरात दिसतो, वरून येताना चारेक सेकंद घेतो. आडव्या पडद्यासाठी आयताकृती पट्टाच बरा.