छतावरची ओल कोठून येते?

डोंबिवलीजवळच्या कोपर येथे आमच्या घराच्या छतावर एकदा ताटाएवढा ओला डाग उमटला. त्याच्या वर शेजाऱ्यांचे न्हाणीघर होते. "सगळी फरशी उखडावी लागेल," असे गवंड्याने सांगितले. पण ती उखडण्यापूर्वी पाण्याची वाट शोधता येईल का?

डागाच्या नेमके वर गळती असतेच असे नाही. न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव घातलेला असतो. गळलेले पाणी केशाकर्षणाने या भरावात पसरते आणि स्लॅबला जेथे भेग सापडेल तेथून खाली उतरते. म्हणून डाग कोठे आहे यापेक्षा तो केव्हा वाढतो, हे पाहावे.

येथे संशयित तीन. नळाच्या नळीत नेहमी दाब असतो. टाकी 10 मीटर उंच असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम वजनाइतका! ही नळी रात्रंदिवस गळते. सांडपाण्याची नळी पाणी वाहताना गळते, तर फरशी ती भिजल्यावर.

आम्ही रोज सकाळी पेन्सिलीने डागाची कड आखून तारीख लिहू लागलो. प्रथम शेजाऱ्यांनी न्हाणीघराची चावी चार दिवस बंद ठेवली आणि स्वयंपाकघरातून बादलीने पाणी आणून तेथेच आंघोळी केल्या. डाग वाढतच राहिला. म्हणजे दोष केवळ नळीचा नसावा!

मग तेथील आंघोळी थांबवल्या. भरावातले पाणी ओसरून डाग स्थिर व्हायला आठ दिवस लागले. त्यानंतर रबरी नळीने दहा बादल्या पाणी थेट मोरीच्या तोंडात सोडले, फरशी कोरडी ठेवून. चार दिवसांत डाग हलला नाही. सांडपाण्याची नळीही सुटली.

आता मोरीचे तोंड बोळ्याने बंद करून फरशीवर पाणी साठवले. शेजारी पाण्याने भरलेली एक थाळीही ठेवली. चोवीस तासांत थाळीतले पाणी 2 मिलिमीटर उतरले, ते बाष्पीभवन. फरशीवरचे मात्र 6 मिलिमीटर उतरले. फरशीचे क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर. म्हणजे जादा 4 मिलिमीटरचे 7.2 लिटर पाणी खाली गेले! डागही पुन्हा वाढू लागला.

पण पाणी फरशीच्या सांध्यांतून गेले की मोरीच्या तोंडाभोवतीच्या फटीतून? आम्ही तोंडाभोवती मातीचा बांध घालून तेवढा भाग कोरडा ठेवला आणि बाहेर पुन्हा पाणी साठवले. या वेळी ते थाळीतल्याइतकेच उतरले. चोर सापडला! तोंडाभोवतीच्या चार फरश्या काढून तो सांधा नव्याने भरला.

दुरुस्तीनंतरही काही दिवस डाग ओलाच होता. भरावातले जुने पाणी सावकाश उतरत होते. अशा वेळी दुरुस्ती फसली असे समजू नका. पेन्सिलीची रेघ पाहा. तिच्याबाहेर ओल गेली नाही, तर नवे पाणी येणे थांबले आहे.