आईचा फोन आणि 320 पॉइंट

माझा जुना आयफोन 12 आईला दिला तेव्हा तिची पहिली तक्रार होती, "अरे, सगळं मुंगीएवढं दिसतंय." मी Settings मध्ये Display & Brightness, तिथे Display Zoom, आणि Default ऐवजी Larger Text निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला आणि आयकॉन, अक्षरं, कीबोर्डची बटणं, सगळंच टपोरं झालं. आई खूश. आठवड्याने फोन आला, "हे पुढे जातच नाही!"

ती एका अ‍ॅपमध्ये फॉर्म भरत होती आणि तिला 'पुढे'चं बटण कुठेच दिसत नव्हतं. आधी दिसायचं, मग आता गेलं कुठे?

याचं उत्तर मोजमापात आहे. अ‍ॅप बनवणारा पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, मोजत बसत नाही. तो 'पॉइंट' नावाच्या एककात मांडणी करतो. आयफोन 12 चा पडदा 390 पॉइंट रुंद आणि 844 पॉइंट उंच. Larger Text केलं की काच तेवढीच राहते, पण फोन अ‍ॅपला सांगतो की मी 320 बाय 693 चा आहे. चक्क थाप! अ‍ॅप बिचारं त्यावर विश्वास ठेवून लहान पडद्याची मांडणी करतं आणि फोन ते चित्र ताणून सगळ्या काचेवर पसरवतो. फूटपट्टीवरचे इंचच मोठे केले, तर खोलीत कमी इंच मावणार, तसं.

390 ला 320 ने भागलं की 1.22 येतात. म्हणजे प्रत्येक गोष्ट रुंदीत आणि उंचीतही सुमारे 22 टक्क्यांनी वाढते. दोन्ही बाजूंनी वाढल्यामुळे एका पडद्यात बसणारा मजकूर आता जवळजवळ दीड पडदा खातो. बोटाने दाबायच्या जागेची उंची किमान 44 पॉइंट असावी, असं अ‍ॅपल सांगते. तेवढ्या उंचीच्या ओळींची यादी केली, तर आधी 19 ओळी पूर्ण दिसायच्या, आता 15. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण वरची पट्टी, खालची पट्टी आणि कीबोर्ड हेही फुगतात आणि चेपला जातो तो मधला मजकूर.

आईचं बटण नेमकं तिथेच अडकलं होतं. कीबोर्ड वर आला की उरलेल्या जागेत ते बसत नव्हतं, आणि ते पान वर सरकेल अशी सोय करणाऱ्याने ठेवलीच नव्हती. मी तिला कीबोर्ड मिटवायला सांगितलं. बटण खाली हजर होतं.

ही सोय अ‍ॅपलने 2014 मध्ये आयफोन 6 आणि 6 प्लसबरोबर आणली. त्यातली चतुराई अशी की झूम केलेला 6 अ‍ॅपसमोर आयफोन 5 च्या मापाचा म्हणून उभा राहायचा, 375 ऐवजी 320 पॉइंट रुंद. आयफोन 5 साठी अ‍ॅप आधीच तयार असल्यामुळे नव्याने मांडणी करायला नको. 6 प्लस तसाच झूम केल्यावर 6 च्या मापाचा व्हायचा. त्यात मात्र एक गोष्ट हातची जायची: आडवा धरला की मेलमध्ये डावीकडे यादी आणि उजवीकडे पत्र, अशी दोन रकान्यांची जी मांडणी दिसायची, ती झूममध्ये नाहीशी व्हायची. ताणलेलं चित्र बारीक रेघांत किंचित मऊ दिसतं, पण ज्याला झूम लागतो त्याला ते सहसा जाणवत नाही.

संकेतस्थळांचंही तेच. ब्राउझरलाही 320 हेच माप मिळतं, त्यामुळे शेजारी शेजारी बसलेले दोन चौकोन कधी एकाखाली एक येतात. पूर्ण पडद्यावरचा फोटो मात्र मोठा होत नाही; तो आधीच काचेच्या कडेपर्यंत पोचलेला असतो.

अँड्रॉइडमध्ये 7.0 पासून Display size आहे. तिथे चित्र ताणत नाहीत, एकक मोठं करून सगळं नव्याने रेखतात. त्यामुळे अक्षर धारदार राहतं, पण जागा तशीच आटते.

वाचायला फक्त अक्षरच बारीक वाटत असेल, तर आधी Text Size वाढवून पाहा. त्याने पडद्याचं माप बदलत नाही. मात्र ते मानणं अ‍ॅपच्या हातात असतं, आणि आयकॉन व कीबोर्ड जसेच्या तसे राहतात. बोट भलत्याच बटणावर पडत असेल तेव्हा झूम घ्या. आणि झूम केल्यावर एखादं बटण हरवलंच, तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याच्या फंदात पडू नका. कीबोर्ड मिटवा, नाहीतर तेवढ्यापुरतं Default करून काम उरका.