हमी नको, लॉट क्रमांक सांगा

२०२० चा खरीप विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांच्या लक्षात राहिला तो दुबार पेरणीमुळे. पाऊस वेळेवर आला, पेरण्या झाल्या आणि आठ-दहा दिवसांनी तासं रिकामी दिसू लागली. राज्यभरातून तक्रारींचा ढीग पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारण आदल्या वर्षीच घडून गेलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, शेंगा झाडावरच भिजल्या आणि बियाण्यासाठी राखलेल्या मालाची उगवणशक्ती तिथेच खाली आली.

वाशीम जिल्ह्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, सोबत तूर. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या सभासदांसाठी बियाणं एकगठ्ठा घेतात. त्या काळी पुरवठादार निवडताना भरून घ्यायचा फॉर्म एका पानाचा असायचा. ‘आपले बियाणे प्रमाणित आहे काय?’, ‘उगवणक्षमतेची हमी देता काय?’, ‘साठवणूक योग्य आहे काय?’ प्रत्येकासमोर होय-नाहीचे चौकोन. आलेल्या सगळ्या फॉर्मवर सगळीकडे होय. मग निवड व्हायची ती भावावर आणि उधारीच्या दिवसांवर. तो फॉर्म बदलत कसा गेला, हे मागे वळून पाहिलं की लक्षात येतं: प्रश्नांची संख्या फारशी वाढली नाही, प्रश्नाची घडण मात्र पार बदलली.

पहिला बदल ‘प्रमाणित’ या खान्यात झाला. बाजारात दोन तऱ्हेच्या पिशव्या असतात. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. तो बीज प्रमाणीकरण यंत्रणा देते, म्हणजे शेतातली तपासणी आणि प्रयोगशाळेची चाचणी तिसऱ्याने केलेली असते. सत्यप्रत बियाण्याला हिरवट लेबल असतं. त्यावरचे आकडे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. ते खोटे असतात असं नाही, पण ते त्याचं म्हणणं असतं. सोयाबीनला कायद्याने किमान ७० टक्के उगवण दोन्हीकडे लागते, त्यामुळे ‘७० टक्के उगवण आहे काय?’ हा प्रश्न विचारून हाती काहीच लागत नाही. नव्या फॉर्ममध्ये प्रश्न असा आला: ‘देऊ केलेल्या प्रत्येक लॉटचा क्रमांक, टॅगचा प्रकार, चाचणीची तारीख, प्रयोगशाळेचं नाव आणि अहवालातला उगवणीचा आकडा लिहा; अहवालाची प्रत जोडा.’ याला होय म्हणून सुटता येत नाही.

२०२१ च्या खरिपाआधी असे फॉर्म आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा उपयोग पहिल्यांदा दिसला. प्रमाणित बियाण्याच्या लॉट क्रमांकाचा पहिला भाग काढणीचा महिना आणि वर्ष सांगतो. पुढे राज्याचा, प्रक्रिया केंद्राचा आणि त्या मालाचा संकेतांक येतो. एका पुरवठादाराने दिलेला क्रमांक ऑक्टोबर २०२० च्या काढणीचा होता आणि सोबत जोडलेला अहवाल ऑगस्ट २०२० चा. म्हणजे सोयाबीन शेतात हिरवं उभं असताना त्याच्या दाण्यांची उगवण मोजून झाली होती! अहवाल बनावट नव्हता, दुसऱ्याच लॉटचा होता. जुन्या फॉर्मला जोडला असता तर तो ‘प्रमाणपत्र सोबत’ म्हणून फाईलला लागला असता. तेव्हापासून तपासणाऱ्याचं पहिलं काम ठरलं: अहवालावरचा लॉट क्रमांक आणि फॉर्मवरचा लॉट क्रमांक शेजारी शेजारी ठेवायचे, मग दोन तारखा पाहायच्या.

दुसरा धडा तारखेनेच दिला. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने. डिसेंबरात चाचणी झालेला लॉट जूनमध्ये कागदावर पूर्ण वैध असतो. पण सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ, गर्भ सालीच्या अगदी जवळ. पोती आपटली, थप्पी उंच लागली, एप्रिल-मेचा उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढला, की खरा अहवालसुद्धा जुना पडतो. म्हणून ‘साठवणूक योग्य आहे काय?’ हा प्रश्न गेला. त्याजागी ‘हा लॉट प्रक्रियेनंतर कोणकोणत्या गोदामात, कोणत्या तारखेपासून आहे? आम्ही न कळवता पाहायला येऊ, चालेल काय?’ हा आला. उत्तरातला पत्ता खरा की खोटा, हे गाडी काढली की कळतं. पत्रा आहे की स्लॅब, पोती फळ्यांवर आहेत की जमिनीवर, शेजारी खताची पोती रचली आहेत का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही.

त्याच सुमारास कृषी विभागाने घरच्या बियाण्याची उगवण चाचणी गावोगाव करून दाखवली. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ओलसर ठेवायची, सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. तीच चाचणी खरेदीच्या अटींत आली, पण एक दुरुस्ती करून. शंभर दाण्यांत पासष्ट उगवले म्हणून पुरवठादाराला खोटं ठरवता येत नाही. मूळ उगवण ७० असली तरी एका शंभरात एवढा फरक सहज पडतो. प्रयोगशाळा चारशे दाणे घेते ते याचसाठी. म्हणून वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना घेऊन शंभर-शंभराच्या चार गुंडाळ्या, पुरवठादाराच्या माणसासमोर. सरासरी ६६ आली तर काय करायचं, हेही आधीच लिहिलेलं: एकरी ३० किलो बियाणं ७० टक्क्यांना धरलेलं आहे, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जास्त लागतं. चार टक्के कमी म्हणजे एकरी दोन किलो. तेवढं बियाणं पुरवठादाराने वर द्यायचं, नाहीतर गाडी परत.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारचं ‘साथी’ पोर्टल आलं आणि टॅगवर क्यूआर कोड दिसू लागले. लॉट कुठून आला हे आता मोबाईलवर पाहता येतं, त्यामुळे फॉर्ममधले कागद जोडायचे एक-दोन रकाने हलके होऊ शकतात. गोदामाचा आणि गोणपाटाचा रकाना मात्र राहतो. कोड बियाण्याचा जन्म सांगतो, मे महिन्यात त्याचं काय झालं ते सांगत नाही.

एक प्रश्न मात्र अजून नीट बसलेला नाही: ‘गेल्या हंगामात तुमच्याविरुद्ध तक्रारी होत्या काय?’ याला कोणी होय लिहीत नाही. सध्या त्याऐवजी गेल्या हंगामातल्या सगळ्या घाऊक गिऱ्हाइकांची यादी मागतात आणि फोन कोणाला करायचा ते खरेदी समिती ठरवते. पुरवठादाराने निवडून दिलेली दोन नावं चालत नाहीत. तरीही फोनवर कळतं ते अर्धंच. पेरणी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेली असेल, पुरेशी ओल नसताना तिफण घातली असेल, तर चांगलं बियाणंही दबतं आणि तक्रार बियाण्यावरच जाते. तालुका समितीचा पंचनामा सोबत असेल तरच त्या तक्रारीला वजन द्यायचं, एवढाच नियम आजवर हाती लागला आहे.

पंचनाम्याच्या वेळी समिती मागते ती पिशवी, टॅग आणि पावती. म्हणून फॉर्मची शेवटची अट पुरवठादारासाठी आहे तशीच कंपनीसाठीही: सभासदाच्या पावतीवर लॉट क्रमांक लिहिल्याशिवाय पोतं गोदामाबाहेर जाणार नाही. तो क्रमांक पावतीवर नसेल, तर वर तपासलेलं सगळं शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहत नाही.