बावन्नच्या पुढे त्रेपन्न का?

एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. जरा मोठ्याने म्हणून पाहा. दोनदा ‘वन्न’ येतं, मग दोनदा ‘पन्न’, पुन्हा ‘वन्न’, मधेच छप्पन्नला ‘पन्न’ आणि शेवटी परत ‘वन्न’. अंकलिपी पाठ करताना आपण हे बिनतक्रार गिळलं. त्यात काही कारण असेल असं मला तरी अनेक वर्षं वाटलं नव्हतं. ते कारण कळलं त्या दिवशी मी हे आठ शब्द कागदावर पुन्हा पुन्हा लिहून पाहत बसलो होतो.

या सगळ्यांचं मूळ संस्कृत ‘पञ्चाशत्’, म्हणजे आपलं पन्नास. संस्कृतातून प्राकृतात येताना एक बदल नेमाने घडला. दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या ‘प’चा ‘व’ झाला. दीपचा दिवा झाला, तापचा ताव झाला, कपाटचं कवाड झालं. आता हीच फूटपट्टी पन्नाशीला लावा. एकपञ्चाशत्, द्वापञ्चाशत्, पञ्चपञ्चाशत्, सप्तपञ्चाशत्, अष्टापञ्चाशत्: या पाचही शब्दांत ‘पञ्चाशत्’च्या आधी स्वर आहे. ‘प’ दोन स्वरांच्या कात्रीत सापडला आणि त्याचा ‘व’ झाला. ५१, ५२, ५५, ५७, ५८. बरोबर तेच पाच, जिथे आपण ‘वन्न’ म्हणतो.

उरलेले तीन पाहा. त्रयःपञ्चाशत्, चतुःपञ्चाशत्, षट्पञ्चाशत्. पहिल्या दोघांत ‘प’च्या आधी विसर्ग आहे, तिसऱ्यात ‘ट्’. या आडोशामुळे ‘प’ला दोन्ही बाजूंनी स्वर भिडलाच नाही आणि तो वाचला. छप्पन्नमध्ये तर आडोशाची खूण अजून दिसते. त्यातला जोड ‘प्प’ म्हणजे ‘ट्’ने ‘प’चं रूप घेऊन त्याला दिलेली सोबत आहे. म्हणून ‘छपन’ लिहिलेलं दिसलं की मला चुटपुट लागते. शेवटचा ‘न्न’ही असाच कमावलेला आहे. ‘पञ्चाशत्’मधल्या ‘ञ्च’चं ते उरलेलं रूप आहे आणि ते पन्नासातही आहे. पन्नास जोड ‘न्न’ने लिहायचं आणि बावन मात्र एकेरी ‘न’ने, याला आधार नाही.

भाषेचे नियम यंत्रासारखे चालत नाहीत, हेही इथेच दिसतं. चोपन्नच्या त्याच मूळ शब्दापासून हिंदीत ‘चौवन’ झालं. तिथे आडोसा टिकला नाही. आपल्याकडे आणि गुजरातीत तो टिकला.

पन्नाशीत ध्वनीचा नियम दिसतो, तर सत्तरीत शेजाऱ्यांचा प्रभाव. ‘चतुर्’मधला ‘र’ चोपन्नमध्ये कुठेच नाही. पण चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या तिन्हींत तो आहे. चौऱ्याऐंशीत त्याचा हक्क आहे, कारण संस्कृत शब्दच ‘चतुरशीति’. चौऱ्याण्णवातही तो ‘चतुर्नवति’मधून येऊ शकतो. पण चौऱ्याहत्तरचं मूळ ‘चतुःसप्तति’, तिथे ‘र’ नाहीच. हिंदीत आजही चौहत्तर, चौरासी, चौरानवे असं म्हणतात, म्हणजे पहिल्यात ‘र’ नाही आणि पुढच्या दोघांत आहे. मराठी माणसाने हे आकडे शतकानुशतकं ओळीने म्हटले आणि म्हणता म्हणता चौऱ्याऐंशीचा ‘र’ दहा घरं मागे जाऊन बसला. (सत्तरचं ‘हत्तर’ मात्र पुन्हा ध्वनीनेच झालं. शब्दाच्या आरंभी ‘स’ टिकला, मधे सापडला तिथे त्याचा ‘ह’ झाला. दशचे दहा झाले ते याच वाटेने.)

असे शब्द लिहिताना गोंधळ उडतो तो अडाणीपणामुळे नाही. शब्द अजून बोलीत जिवंत आहेत आणि एकाच आकड्याची दोन रूपं खरोखरच प्रचारात आहेत, म्हणून तो उडतो. ब्याऐंशी आणि ब्यांशी, सेहेचाळीस आणि शेहेचाळीस, पंच्याहत्तर आणि पंचाहत्तर. यांतलं एक शुद्ध आणि दुसरं अशुद्ध, असा निवाडा मी देणार नाही. पण एकाच मजकुरात दोन्ही नकोत.

गेल्या वर्षी एका संस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर ‘पंच्याहत्तर’, अध्यक्षांच्या मनोगतात ‘पंचाहत्तर’, एका जाहिरातीत ‘पंचाहात्तर’. तिसरं सरळ चूक होतं, ते खोडलं. पहिल्या दोघांत निवड करताना मी एकट्या शब्दाकडे पाहिलं नाही, त्याच्या घराण्याकडे पाहिलं. त्याच स्मरणिकेत त्र्याहत्तर आणि सत्त्याहत्तर होते, दोन्हींत ‘या’. मग पंच्याहत्तर ठेवलं. पुढे ऐंशीच्या घरातही हेच धोरण चालवलं. एका ठिकाणी ‘ब्याऐंशी’ घेतलं, मग त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी ही मोकळी रूपंच सगळीकडे. मधे एखादं ‘त्र्यांशी’ डोकावलं की वाचणारा क्षणभर अडखळतो. एकोणतीस ते एकोणनव्वद तपासताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. घाईत टंकणारे तिथे ‘एकूणतीस’ करून ठेवतात. एकूण म्हणजे बेरीज, एकोण म्हणजे वजाबाकी. आणि शंभराच्या आधी ही वजाबाकी एकदम थांबते. ‘एकोणशंभर’ कोणी म्हणत नाही. तिथे नऊ आणि नव्वद थेट भेटतात, नव्याण्णव.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चौऱ्याहत्तरवर. संस्थेच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षातला एक मोठा प्रसंग मजकुरात वारंवार येत होता. संगणकावर शब्द शोधला तर निम्म्याच जागा सापडल्या. बाकीच्या डोळ्यांना दिसत होत्या, पण शोधात येत नव्हत्या. त्याचं कारण ‘ऱ्य’ या अक्षरात होतं. ते दोन प्रकारे टंकता येतं. एकात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एका पानावर तर तिसराच प्रकार होता. जोडचिन्ह राहून गेलं होतं आणि ‘र’ उडी मारून रफार बनला होता: ‘चौर्याहत्तर’. दर्या आणि दऱ्या यांत जो फरक, तोच इथे. वाचताना तो शब्द ‘चौर्य’, म्हणजे चोरी, असा सुरू होत होता.

मग मी नुक्त्याच्या ‘ऱ’चा तो शब्द एकदाच टंकला आणि बाकी सगळीकडे तोच नेऊन डकवला. नंतर पुन्हा शोध घेतला तेव्हा चौऱ्याहत्तरच्या सगळ्या जागा एकदम उजळल्या.