विजय यांनी विजय मिळवला

‘विजय यांनी साताऱ्यात विजय मिळवला.’ बातमीतलं हे वाक्य वाचताना आपण जराही अडखळत नाही. पण मजकुरातून माणसांची आणि गावांची नावं वेचणाऱ्या संगणकाला इथे एकाच शब्दावर दोन लेबलं लावायची आहेत: पहिल्या ‘विजय’वर ‘व्यक्ती’, दुसऱ्यावर ‘इतर’. इंग्रजीत निदान मोठं अक्षर मदतीला येतं, देवनागरीत तीही सोय नाही.

या कामाची जुनी पद्धत म्हणजे हिडन मार्कोव्ह मॉडेल. वाक्य कसं जन्मलं असेल, याची ते कल्पना करतं. आधी लेबलांची साखळी तयार झाली आणि मग प्रत्येक लेबलाने आपापला शब्द उच्चारला, असं ते मानतं. मॉडेल शिकवणं त्यामुळे सोपं: लेबलं लावलेल्या मजकुरात कशामागून काय किती वेळा आलं, ते मोजायचं. पण गोम इथेच आहे. ‘यांनी’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या ‘इतर’ या लेबलातून आला, एवढंच या मॉडेलला ठाऊक. त्यामुळे आधीचा ‘विजय’ माणूस आहे का, या प्रश्नावर ‘यांनी’ची साक्षच निघत नाही. आपल्याला सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा वाया जातो.

लॅफर्टी, मॅकॅलम आणि परेरा यांनी २००१ मध्ये कंडिशनल रँडम फील्ड मांडलं, तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. वाक्य समोर आहेच, ते कसं जन्मलं याची उठाठेव कशाला? दिलेल्या वाक्यासाठी लेबलांची कोणती साखळी सर्वांत संभाव्य, एवढंच विचारायचं. मग पुढचा शब्द, मागचा शब्द, शेवटचा प्रत्यय, काहीही खूण म्हणून वापरता येतं आणि प्रत्येक खुणेला वजन मिळतं.

समजा, ‘विजय’ या शब्दाचं वजन ‘व्यक्ती’कडे ०.४ आणि ‘इतर’कडे १.२ आहे. पुढे ‘यांनी’ असेल तर ‘व्यक्ती’ला २.१ जास्त, ‘मिळवला’ असेल तर १.५ कमी. पहिल्या जागी ‘व्यक्ती’ची बेरीज २.५ होते आणि ती जिंकते. दुसऱ्या जागी ती उणे १.१ वर घसरते. शेजारच्या लेबलांची वजनंही यात मिळवतात, इथे ती सोडली आहेत.

ही वजनं मोजून सापडत नाहीत. ती थोडीथोडी सुधारत न्यावी लागतात, आणि दर फेरीला वाक्याच्या सगळ्या शक्य साखळ्यांची बेरीज लागते. तीन लेबलं आणि पाच शब्द म्हटले तरी साखळ्या २४३. गणिती युक्तीने त्या एकेक करून मोजाव्या लागत नाहीत, तरी शिकवणं महागच. लेबलं न लावलेल्या मजकुरातूनही शिकण्याची जुन्या मॉडेलची हातोटी नव्याच्या मूळ रूपात नाही. त्यामुळे लेबलं लावलेली वाक्यं मोजकीच असतील, तर जुन्याला मोडीत काढण्याची घाई मी करणार नाही.

शिवाय वर्तमानपत्रांवर शिकलेलं मॉडेल ‘यांनी’वर फार विसंबतं. ‘विजय काल गावी गेला’ असा साधा निरोप आला की ते गडबडतं. बातम्यांवरच चाचणी घेतली तर हे दिसत नाही; चाचणीत निरोपांची वाक्यंही घालावी लागतात.